एक वर्तुळ, एक बिंदू आणि त्याच्या दोन सावल्या

प्रश्न: पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवायला यंदा सुरुवात करतेय. पहिल्याच तासाला एकक वर्तुळाची एकच स्लाइड लावून पंधरा-वीस मिनिटं बोलायचं आहे. मुलांना सूत्रं पाठ असतात, पण कोन नव्वदच्या पुढे गेला की गाडी अडते. साइन-कोसाइन त्यांना डोळ्यांनी दिसावेत यासाठी स्लाइडवर काय ठेवू आणि नेमकं काय बोलू?

उत्तर:

आधी स्लाइडवर काय नको ते बघू. इंटरनेटवर सापडणारं ते सोळा कोनांचं चित्र, ज्यात प्रत्येक बिंदूपाशी वर्गमूळ तीन भागिले दोन लिहिलेलं असतं, ते लावू नका. ते गोल वाकवलेलं कोष्टक आहे. मुलं ते बघत नाहीत, वाचतात; आणि वाचायला लागली की तुमचं बोलणं थांबलं.

स्लाइडवर एक वर्तुळ, दोन अक्ष, वर्तुळावर एकच बिंदू P, केंद्रापासून P पर्यंतची त्रिज्या आणि दोन जाड रेघा एवढंच हवं. जाड रेघांपैकी एक केंद्रापासून आडवी, P च्या बरोबर खालपर्यंत. दुसरी तिथून उभी, P पर्यंत. आडवी गडद निळी आणि उभी नारिंगी करा. पिवळा आणि पोपटी रंग उजेडाच्या वर्गात भिंतीवर दिसतच नाही, आणि तांबडा-हिरवा ही जोडी काही मुलांना वेगवेगळी ओळखू येत नाही. शीर्षकही नको. ती जागा वर्तुळाला द्या.

P कुठे ठेवायचा हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. हात आपोआप 45 अंशांकडे जातो, कारण चित्र देखणं येतं. पण तिथे दोन्ही रेघा सारख्याच लांबीच्या होतात आणि कोणाचं नाव काय, यातला गोंधळ झाकला जातो. 30 किंवा 60 घेतलं, तर मुलं पाठ केलेला आकडा म्हणून टाकतात, चित्राकडे बघतच नाहीत. P ला (0.8, 0.6) वर ठेवा. कोन 36.87 अंश, म्हणजे 37 ला किंचित कमी. दोन्ही रेघा वेगळ्या दिसतात, आकडे सोपे आहेत आणि कोणाला पाठ नाहीत. शिवाय हा बिंदू आलेख कागदावर नेमका चौकटीच्या कोपऱ्यावर पडतो, आणि त्याचा पुढे फार उपयोग आहे.

एक तपासणी आदल्या दिवशी वर्गात जाऊन करा. स्लाइड रुंद आकाराची आणि प्रोजेक्टर जुना, चौकोनी आकाराचा असेल तर काही वेळा चित्र ताणून भरलं जातं आणि वर्तुळ अंड्यासारखं होतं. मग त्रिज्या सगळीकडे सारखी राहत नाही आणि सगळ्या बोलण्याचा पायाच जातो. भिंतीवर टेप लावून वर्तुळाचा आडवा आणि उभा व्यास मोजा. दोन्हींत बोटभर फरक असेल तर प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये चित्राचं प्रमाण बदला. तेही जमत नसेल तर सरळ फळ्यावर दोरी-खडूने वर्तुळ काढा. तिरक्या प्रोजेक्टरपेक्षा दोरी जास्त प्रामाणिक असते.

मुलांना आत येतानाच आलेख कागदाचा एकेक तुकडा द्या आणि 5 सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायला सांगा. केंद्र जाड रेघांच्या छेदावरच असलं पाहिजे. 10 सेंटीमीटर घेतलं तर हिशोब सोपा होतो, पण वर्तुळ कागदाच्या छापील चौकटीबाहेर जातं. 5 ला 1 मानलं की एक मिलिमीटर म्हणजे 0.02, आणि एवढी अचूकता आपल्याला पुरते.

आता बोलणं. सुरुवात त्यांच्या ओळखीच्या त्रिकोणापासून करा, पण तिथे रेंगाळू नका. साधारण असं:

"दहावीत तुम्ही काटकोन त्रिकोण काढून साइन शिकलात: कोनासमोरची बाजू भागिले कर्ण. ती व्याख्या बरोबर आहे. आज आपण तिच्यातला भागाकार तेवढा काढून टाकू. स्लाइडवर निळी, नारिंगी आणि त्रिज्या मिळून तोच त्रिकोण दिसतोय. त्रिज्या हा कर्ण, आणि तिची लांबी आपण 1 घेतली आहे. एकने भागून काय बदलणार? म्हणजे नारिंगी रेघेची लांबी हीच साइन, निळ्या रेघेची लांबी हीच कोसाइन."

इथे थांबा. पुढचं वाक्य बोलण्याआधी त्यांना कागदावर काम द्या.

"तुमच्या कागदावर केंद्रापासून उजवीकडे 4 सेंटीमीटर जा, मग वर 3 सेंटीमीटर. बिंदू वर्तुळावर पडला का? पडला नसेल तर कंपास सरकला आहे, वर्तुळ पुन्हा काढा. आता कोनमापक लावा. 37 च्या जरा आत येईल. 4 भागिले 5 म्हणजे 0.8, 3 भागिले 5 म्हणजे 0.6. कॅल्क्युलेटरवर 37 चा साइन काढला तर 0.6018 येईल, कारण आपला कोन पुरता 37 नाही. तुमची पट्टी चुकलेली नाही."

ती शेवटची ओळ विसरू नका. नाही तर पुढच्या बाकावरचा कोणी तरी 0.6018 दाखवणार आणि पाच मिनिटं त्यात जाणार.

यानंतर लांबीवरून जागेवर यायचं. संपूर्ण भाषणाचा सांधा इथे आहे, आणि बहुतेक वेळा तो न सांगताच ओलांडला जातो. 'लांबी' म्हणत राहिलात तर ऋण कोसाइन कधीच पटणार नाही, कारण लांबी ऋण नसते. म्हणून सावली आणा:

"P हा एक दिवा नसलेला मणी समजा, वर्तुळाच्या तारेवर ओवलेला. वरून सरळ खाली उजेड टाकला तर त्याची सावली आडव्या अक्षावर पडते. उजवीकडून आडवा उजेड टाकला तर सावली उभ्या अक्षावर पडते. आडव्या अक्षावरची सावली शून्यापासून कुठे आहे, हे कोसाइन सांगतो. उभ्या अक्षावरची सावली कुठे आहे, हे साइन सांगतो. उजवीकडे आणि वर असेल तर धन, डावीकडे आणि खाली असेल तर ऋण. मणी अक्षाच्या पलीकडे गेला तर उजेड उलट बाजूने टाका; मणी कुठेही सरकवा, सावली पडणारच."

मग स्लाइडवर एकच ओळ उमटू द्या:

`P = (cos θ, sin θ)`

आणि सांगा: "आडवा आधी, उभा नंतर, जसा कुठल्याही बिंदूचा पत्ता लिहितो तसाच." साइन-कोसाइन हा शब्दक्रम जिभेवर बसलेला असल्यामुळे निम्मा वर्ग कंसात साइन आधी लिहितो. P ला 0.8 आणि 0.6 वर ठेवल्याचा फायदा इथे मिळतो, कारण उलट लिहिलं की बिंदू भलतीकडेच पडतो आणि चूक मुलांना स्वतःच दिसते.

कोन कुठून मोजायचा तेही आत्ताच सांगून टाका: उजव्या हाताच्या आडव्या अक्षापासून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. देवळातली प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेने असते, गणितातली तिच्या उलट, एवढं म्हटलं की लक्षात राहतं.

आता मणी पुढे सरकवा. 90 वर क्षणभर थांबा. "इथे त्रिकोण कुठे आहे? निळी रेघ संपली, नारिंगी रेघ त्रिज्येवरच जाऊन बसली. त्रिकोण मिटला. पण P चा पत्ता आहे: आडवं शून्य, उभं एक." हे ऐकून मुलं कागदाकडे बघतात, कारण 90 चा साइन 1 हे त्यांना पाठ असतं, पण तो त्रिकोणाशिवाय आला आहे हे कोणी दाखवलेलं नसतं.

आणि मग तुमची गाडी जिथे अडते ते ठिकाण. कागदावर केंद्रापासून डावीकडे 4, वर 3 असा बिंदू घ्यायला सांगा. कोनमापक उजवीकडच्या अक्षापासून लावला की कोन 143 ला किंचित पुढे येतो. उंची तीच 3 सेंटीमीटर, म्हणून साइन तोच 0.6. आडवी सावली शून्याच्या डावीकडे 4 वर, म्हणून कोसाइन −0.8. सूत्र एकही लागलं नाही. 180 मधून कोन वजा केला तर साइन तोच राहतो, कोसाइनचं चिन्ह बदलतं, हे मुलांनी पाठ केलेलं वाक्य म्हणजे फक्त उभ्या अक्षात पाहिलेलं प्रतिबिंब आहे. ते वाक्य तुम्ही बोलू नका, दोन्ही बिंदू आडव्या रेघेने जोडायला सांगा. कोणी तरी बोलेलच.

या टप्प्यावर होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत आणि वह्यांवरून फिरताना त्या ओळखता येतात. पहिली: मुलगा 143 अंशांचा कोन असलेला काटकोन त्रिकोण काढायचा प्रयत्न करतो. तसा त्रिकोण असतच नाही, कारण तीन कोनांची बेरीज 180 असते आणि काटकोन धरून ती आधीच पुढे गेली. त्याच्या कागदावर खोडाखोड दिसते. त्याला एवढंच विचारा, "मण्याची सावली कुठे पडली?" दुसरी चूक जास्त लपलेली: लंब उभ्या अक्षावर टाकायचा. मग जो त्रिकोण तयार होतो त्यात केंद्राशी 53 अंशांचा कोन असतो, आणि उत्तर येतं साइन 0.8, कोसाइन 0.6. आकडे ओळखीचे असल्यामुळे त्याला शंकाही येत नाही. नियम एकच द्या: त्रिकोण काढायचाच असेल तर लंब नेहमी आडव्या अक्षावर. तिसरी चूक चिन्हाची, म्हणजे कोसाइन +0.8 लिहिणं. ते लांबीचं भूत अजून उतरलेलं नाही याची खूण. त्यावर उपदेश नको. (0.8, 0.6) हा पत्ता कुठला, असं विचारा, त्याचं बोट आपोआप उजवीकडच्या पहिल्या बिंदूवर जातं.

तिसरा आणि चौथा चरण पटकन करा. "आता मणी खाली नेला, दोन्ही सावल्यांची चिन्हं सांगा" एवढं पुरे. चिन्हं पाठ करण्यासाठी जी इंग्रजी अक्षरांची वाक्यं चालतात, त्यांची मग गरज पडत नाही.

मधे श्वास घ्यायला म्हणून नावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि मराठी मुलांना ती फार जवळून कळते. P च्या बरोबर खाली, अक्षाच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर दुसरा बिंदू घ्या आणि दोन्ही उभ्या रेघेने जोडा. उजवीकडची कमान हा धनुष्याचा चाप, आणि उभी रेघ ही त्याची दोरी, म्हणजे ज्या किंवा जीवा. वर्तुळाच्या जीवेला आपण शाळेत जीवा म्हणतो ती हीच. आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास जे कोष्टक दिलं ते या दोरीच्या अर्ध्याचं, अर्धज्येचं. आणि पुढे अर्ध गळून नुसतं ज्या राहिलं. जीवा हा शब्द अरबीत गेला, तिथे त्याच अक्षरांचा खळगा किंवा गळ्यापाशी कपड्याला पडलेली घडी या अर्थाचा शब्द वाचला गेला, त्याचं लॅटिन भाषांतर सायनस झालं आणि त्याचा साइन. म्हणजे नारिंगी रेघ ही अर्धी दोरी आहे. ही गोष्ट दोन मिनिटांवर नेऊ नका. तिचं काम एवढंच, की साइन हे कॅल्क्युलेटरचं बटण नसून मोजता येणारी रेघ आहे हे पक्कं व्हावं.

चाप म्हटल्यावर रेडियनचा रस्ता मोकळा होतो. उजव्या टोकापासून P पर्यंत वर्तुळावर दोरा ठेवून तो सरळ करून मोजायला सांगा. कागदावर साधारण 3.2 सेंटीमीटर येतो. 5 ने भागा: 0.64. हाच आपल्या कोनाचा रेडियनमधला आकडा. "अंश म्हणजे वर्तुळाचे 360 तुकडे कोणी तरी ठरवून केले. रेडियन म्हणजे मणी तारेवरून किती चालला ते, त्रिज्येच्या मापात." चाल 0.64, उंची 0.6. मणी वाकड्या वाटेने गेला म्हणून चाल थोडी जास्त. कोन लहान करत नेला की हा फरक पुसट होतो. आर्यभटाच्या कोष्टकात पहिली पायरी पावणेचार अंशांची आहे, तिथे कंसही 225 आणि अर्धज्याही 225 आहे, कारण त्याने 3438 ही त्रिज्या धरून दोन्ही एकाच मापात मोजले. लहान कोनाला साइन म्हणजे कोनच, असं पुढे कलनात येईल तेव्हा हा दोरा आठवावा.

शेवटचा प्रयोग पाठांतराची सगळ्यात चिवट चूक काढण्यासाठी: कोन दुप्पट तर साइन दुप्पट. विचारा, "कोन दुप्पट केला तर उंची किती?" बरेच जण 1.2 म्हणतील. काही बोलू नका, म्हणा, "कागदावर 1.2 दाखवा." 1.2 म्हणजे 6 सेंटीमीटर उंची, आणि वर्तुळ 5 वरच संपतं. मग कंपासने आडव्या टोकापासून P पर्यंतचं सरळ अंतर घ्या आणि तेच P पासून पुढे वर्तुळावर टाका. नवा बिंदू उजवीकडे 1.4 आणि वर 4.8 सेंटीमीटरवर येतो. म्हणजे साइन 0.96, कोसाइन 0.28. पहिल्या टप्प्यात मणी 0.6 चढला, तेवढ्याच चालीच्या दुसऱ्या टप्प्यात फक्त 0.36. का, ते चित्रात दिसतंच: सुरुवातीला मणी जवळजवळ सरळ वर जातो, माथ्यापाशी तो आडवा सरकतो. साइनची लाट माथ्यावर सपाट आणि शून्यापाशी चढी का असते, याचं उत्तर हेच.

ती लाट मात्र या स्लाइडवर काढू नका. वर्तुळ आणि लाट शेजारीशेजारी फिरणारं ॲनिमेशन छान दिसतं, पण डोळा लाटेमागे जातो आणि मणी एकटा पडतो. वेळ उरला तर फळ्यावर काढा. 20 सेंटीमीटरची त्रिज्या घेतली तर पूर्ण फेरा सुमारे 126 सेंटीमीटरचा होतो. तेवढी आडवी रेघ घेऊन तिचे बारा भाग करा आणि 30-30 अंशांच्या उंच्या नेऊन ठेवा: 10, 17.3, 20, मग उलट. आडवं आणि उभं एकाच मापात काढलं तर लाट सुरुवातीला 45 अंशांत चढताना दिसते. चढ त्याहून उभा दिसला तर तुम्ही आडवी रेघ आखडती घेतली आहे.

तास संपवताना त्यांना पुणे द्या. स्लाइड तीच, फक्त अर्थ बदला:

"हे वर्तुळ म्हणजे उत्तर-दक्षिण कापलेली पृथ्वी समजा. आडवा अक्ष विषुववृत्ताच्या पातळीत, उभा अक्ष म्हणजे पृथ्वी जिच्याभोवती फिरते ती रेघ. पुणे 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. P तिथे न्या. पृथ्वी गोल आणि त्रिज्या 6371 किलोमीटर धरा. आपण विषुववृत्ताच्या पातळीच्या किती वर आहोत, आणि फिरण्याच्या अक्षापासून किती लांब?"

त्रिज्या 1 नाही, म्हणून दोन्ही सावल्या 6371 पट होतात, हे त्यांना स्वतः सुचू द्या. वर सुमारे 2022 किलोमीटर, अक्षापासून सुमारे 6042 किलोमीटर. आणि वर्गात निदान चार कॅल्क्युलेटर रेडियनवर असतीलच, पडद्यावर वर बारीक R किंवा RAD दिसत असतं. त्या मुलांचं अक्षापासूनचं अंतर 5986 येईल. आकडा इतका जवळचा आहे की तेवढ्यावरून चूक कोणाच्या लक्षात येणार नाही. म्हणून त्यांना उंचीचा आकडा मोठ्याने वाचायला सांगा. तो −2182 येतो, आणि मग वर्गातलंच कोणी तरी सांगेल की त्यांनी पुणे विषुववृत्ताच्या खाली नेऊन ठेवलं आहे.